संवत्सराचे नाव चुकते तेव्हा: आधी चूक कितीने आहे ते मोजा

गेल्या वर्षी भाचीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर छापखान्यात जाण्याआधी माझ्याकडे तपासायला आला. लग्न वैशाखातले होते. आमच्या बाजूने लिहून दिलेल्या ओळीत ‘शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर’ असे होते, तर इंदूरच्या व्याह्यांनी पाठवलेल्या ओळीत ‘विक्रम संवत् २०८२, सिद्धार्थीनाम संवत्सर’ असे होते. त्यांचे घराणेही मराठीच आहे, पण तीन पिढ्यांपासून ते इंदुरात राहतात. भाचीच्या धाकट्या भावाने मोबाईलवरचे एक पंचांग उघडले, तेव्हा त्यात पाडव्याच्या दिवशी ‘कालयुक्त’ असे तिसरेच नाव निघाले. एकाच लग्नाला तीन संवत्सरे कशी, असा प्रश्न घरात उभा राहिला आणि दोन दिवस तो कोणालाच सुटला नाही.

असा गोंधळ दरवर्षी कुठे ना कुठे होतो. कधी संकल्प सांगताना होतो, कधी वंशावळीत जन्मवर्षाचे नाव लिहिताना, कधी जुन्या कागदावरची मिती वाचताना. सूत्र बहुतेकांना कुठून तरी मिळालेले असते आणि ते बरोबरही असते, तरी उत्तर चुकते. माझ्या अनुभवात हा प्रश्न सोडवण्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे आलेले नाव आणि अपेक्षित नाव यांच्यात किती संवत्सरांचे अंतर पडले आहे ते मोजणे. अंतर एकाचे असेल तर कारण एका जातीचे असते, तेरा किंवा चौदाचे असेल तर दुसऱ्या जातीचे, आणि याहून वेगळे काही असेल तर बहुधा नावच चुकीचे वाचलेले असते.

मोजण्यासाठी साठही नावे क्रमाने हाताशी हवीत, म्हणून ती येथे दहा-दहांच्या ओळींत देतो.

१ ते १०: प्रभव, विभव, शुक्ल, प्रमोद, प्रजापती, अंगिरा, श्रीमुख, भाव, युवा, धाता.
११ ते २०: ईश्वर, बहुधान्य, प्रमाथी, विक्रम, वृष, चित्रभानु, सुभानु, तारण, पार्थिव, व्यय.
२१ ते ३०: सर्वजित्, सर्वधारी, विरोधी, विकृती, खर, नंदन, विजय, जय, मन्मथ, दुर्मुख.
३१ ते ४०: हेमलंबी, विलंबी, विकारी, शार्वरी, प्लव, शुभकृत्, शोभन, क्रोधी, विश्वावसु, पराभव.
४१ ते ५०: प्लवंग, कीलक, सौम्य, साधारण, विरोधकृत्, परिधावी, प्रमादी, आनंद, राक्षस, नल.
५१ ते ६०: पिंगल, कालयुक्त, सिद्धार्थी, रौद्र, दुर्मती, दुंदुभी, रुधिरोद्गारी, रक्ताक्षी, क्रोधन, क्षय.

महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणा येथे चालणारी रीत सोपी आहे. शालिवाहन शकाच्या आकड्यात १२ मिळवावेत, बेरजेला ६० ने भागावे आणि जी बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक समजावा. शके १९४७ घेतले तर १९४७ अधिक १२ म्हणजे १९५९. त्यातून ६० च्या पटीतले १९२० वजा केले की ३९ उरतात, आणि एकोणचाळिसावे नाव विश्वावसु आहे. बाकी शून्य उरली तर साठावे नाव, म्हणजे क्षय, घ्यायचे. तोंडी हिशेब करायचा असेल तर याहूनही सोपे आहे. सध्याच्या चक्रातला प्रभव शके १९०९ मध्ये, म्हणजे इसवी सन १९८७ च्या पाडव्याला सुरू झाला, म्हणून शकातून सरळ १९०८ वजा करावेत. हे चक्र शके १९६८ पर्यंत चालणार असल्याने तोवर भागाकाराची गरजच नाही.

म्हणजे ३० मार्च २०२५ च्या पाडव्यापासून १८ मार्च २०२६ पर्यंत विश्वावसु, १९ मार्च २०२६ च्या पाडव्यापासून शके १९४८ चा पराभव आणि ७ एप्रिल २०२७ च्या पाडव्यापासून शके १९४९ चा प्लवंग. गोव्यात या सणाला ‘संवसर पाडवो’ म्हणतात, आणि संवत्सर कधी बदलते याचे उत्तर त्या नावातच दिलेले आहे.

आता चुकीकडे वळू. सर्वाधिक वेळा आढळणारी चूक एकाच्या अंतराची असते आणि तिचे मूळ सूत्रात नसून सूत्रात घातलेल्या शकाच्या आकड्यात असते. इसवी सनातून ७८ वजा केले की शक मिळतो हे आपण शाळेत शिकलेलो असतो, पण ते केवळ पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत खरे असते. १ जानेवारीपासून पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ७९ वजा करावे लागतात, कारण इसवी सन पुढे सरकलेला असतो आणि शक अजून जुनाच चालू असतो.

याचे आपल्या सर्वांच्या ओळखीचे उदाहरण शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचे आहे. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. एखाद्याने १६३० मधून ७८ वजा केले तर शके १५५२ येतात, त्यात १२ मिळवले की १५६४ होतात आणि त्यातून १५६० वजा केले की बाकी ४ उरते, म्हणजे प्रमोद. परंतु जेधे शकावलीत ‘शुक्ल’ संवत्सर दिलेले आहे. अंतर एकाचे आहे आणि महिना फेब्रुवारीचा आहे, एवढे पाहिले की दोष कुठे आहे ते लगेच कळते. ७९ वजा करून शके १५५१ घेतले की १५६३ मधून १५६० वजा होऊन ३ उरतात आणि तिसरे नाव शुक्लच आहे. राज्याभिषेकाच्या बाबतीत हा फेरा येत नाही, कारण तो ज्येष्ठातला, ६ जून १६७४ चा आहे. १६७४ मधून ७८ वजा करून शके १५९६, त्यात १२ मिळवून १६०८, त्यातून १५६० गेल्यावर ४८, आणि अठ्ठेचाळिसावे नाव आनंद. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, आनंदनाम संवत्सर ही मिती जशीच्या तशी जुळते.

हीच गफलत आपल्या घरच्या नोंदींत फार आढळते. फेब्रुवारी १९९० मध्ये जन्मलेल्याचा शक १९११ असतो आणि संवत्सर शुक्ल, पण वंशावळीत त्याच्यापुढे प्रमोद लिहिलेले मी पाहिले आहे. (शके १५५१ आणि शके १९११ यांत बरोबर ३६० वर्षांचे, म्हणजे सहा पूर्ण चक्रांचे अंतर असल्याने दोन्ही ठिकाणी शुक्लच येते. ही गोष्ट त्या मुलाला सांगितली तेव्हा त्याने आपल्या जन्मपत्रिकेवरचे खोडून दुरुस्त केलेले नाव अगदी जपून ठेवले.)

एकाच्या अंतराचे दुसरे कारण सरकारी शक हे आहे. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, राष्ट्रीय सौर दिनदर्शिका स्वीकारली. तिचाही शकाचा आकडा तोच असतो, पण तिचे वर्ष तिथीवर नव्हे तर सूर्यावर चालते आणि दरवर्षी २२ मार्चला, प्लुत वर्षात २१ मार्चला, सुरू होते. पाडवा मात्र कधी मार्चच्या मध्यानंतर लगेच तर कधी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. या दोहोंच्या मधले दिवस फसवे असतात. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला होता, तर सरकारी शके १९४६ हे २१ मार्चलाच लागले होते. १ एप्रिल २०२४ च्या कागदावर १२ चैत्र १९४६ अशी तारीख पाहून कोणी सूत्र लावले असेल तर त्याला ३८, म्हणजे क्रोधी मिळाले असेल. पंचांगाप्रमाणे त्या दिवशी शके १९४५ चा फाल्गुन चालू होता आणि संवत्सर शोभन होते. २०२६ मध्ये हेच उलट्या बाजूने घडते. पाडवा १९ मार्चला आणि सरकारी वर्ष २२ मार्चला असल्याने १९, २० आणि २१ मार्च या तीन दिवसांत सरकारी आकडा घेणाऱ्याला पराभव लागला तरी विश्वावसुच दिसेल. म्हणून शक नेहमी पंचांगातून घ्यावा, शासकीय पत्राच्या मथळ्यावरून घेऊ नये.

तिसरे कारण दिवाळीचे. लक्ष्मीपूजनाच्या आसपास वहीपूजन करणारे अनेकजण वहीच्या पहिल्या पानावर नव्या संवत्सराचे नाव लिहू पाहतात, कारण बलिप्रतिपदेला विक्रम संवत् बदलतो. तो गुजरातेत चालणारा कार्तिकादी संवत् आहे. शालिवाहन शक त्या दिवशी बदलत नाही, म्हणून त्याच्याबरोबर येणारे नावही बदलत नाही. आपल्याकडे पाडव्याला लागलेले नाव दिवाळीतून पुढे फाल्गुन अमावास्येपर्यंत तेच राहते. मध्ये अधिक मास आला तरी नावात फरक पडत नाही, वर्ष तेवढे तेरा महिन्यांचे होते.

संगणकावर यादी करणाऱ्यांना हीच एकाची चूक वेगळ्या वाटेने भेटते. नावांची यादी प्रोग्राममध्ये शून्यापासून मोजली जाते, त्यामुळे बाकी जशीच्या तशी वापरली की दरवर्षी पुढच्या वर्षाचे नाव येते. शके १९४७ ला ३९ ही बाकी शून्यापासून मोजल्यावर चाळिसाव्या नावावर, म्हणजे पराभवावर पडते. जानेवारी ते मार्चमधली चूक फक्त त्या महिन्यांत दिसते, पण ही चूक बाराही महिने दिसते. यावरून दोन्ही वेगळ्या ओळखता येतात. दुरुस्ती एवढीच:

```python
# names[0] = "प्रभव", ..., names[59] = "क्षय"
name = names[(shaka + 11) % 60]
```

तपासून पाहण्यासाठी शके १९०८ आणि १९०९ घालावेत. पहिल्याला क्षय आणि दुसऱ्याला प्रभव आले तर यादीचे दोन्ही टोक बरोबर बसले आहेत.

घरात प्रोग्राम नसेल तर याहून चांगली तपासणी साठ वर्षांच्या माणसाकडे असते. संवत्सर साठ वर्षांनी परत येते, त्यामुळे १९६६ च्या पाडव्यानंतर आणि १९६७ च्या पाडव्याआधी जन्मलेल्या माणसाच्या पत्रिकेत शके १८८८ चे ‘पराभव’ असते आणि शके १९४८ मध्ये तेच नाव पुन्हा येते. साठीशांतीच्या वेळी गुरुजी जे नाव उच्चारतात ते जुन्या पत्रिकेवरच्या नावाशी जुळले नाही, तर दोहोंपैकी एक चुकले आहे हे निश्चित समजावे.

आता पुन्हा लग्नपत्रिकेकडे येऊ. विश्वावसु एकोणचाळिसावे, सिद्धार्थी त्रेपन्नावे, म्हणजे अंतर चौदाचे. एवढे अंतर कधीही बेरीज-वजाबाकीच्या चुकीने पडत नाही. ते पडले की दोन वेगळ्या रीती समोरासमोर आल्या आहेत असे समजावे. नर्मदेच्या उत्तरेकडे संवत्सर गुरूच्या गतीवर मोजतात. मध्यम गतीने गुरू एक रास चालून जाईपर्यंतचा काळ म्हणजे एक बार्हस्पत्य संवत्सर, आणि तो सुमारे ३६१ दिवसांचा असतो. आपल्या सौर वर्षापेक्षा तो सव्वाचार दिवसांनी लहान असल्याने ही तूट साचत जाते, आणि सुमारे ८५ वर्षांत गुरूचे एक संवत्सर जास्त होते. तेव्हा उत्तरेत एका नावाचा लोप करून पुढचे नाव धरतात. दक्षिणेत पूर्वी हाच लोप करत असत, परंतु इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास तो सोडून दिला गेला आणि तेव्हापासून आपली नावे गुरूकडे न पाहता दरवर्षी एक याप्रमाणे सरळ चालत आली. अकराशेहून थोड्या अधिक वर्षांत असे तेरा लोप उत्तरेत झाले आणि आपल्याकडे झाले नाहीत. ३९ मध्ये तेरा मिळवले की ५२ येतात, आणि बावन्नावे नाव कालयुक्त आहे.

म्हणजे मोबाईलवरचे पंचांगही चुकलेले नव्हते. चौदावा आकडा कुठून आला याचे उत्तर असे की गुरूचे संवत्सर पाडव्याची वाट पाहत नाही, ते वर्षात कुठल्याही दिवशी बदलते. सूर्यसिद्धांतातील गुरूचे भगण, म्हणजे एका महायुगातल्या त्याच्या फेऱ्यांची संख्या, जसेच्या तसे घेऊन मी गणित केले तेव्हा सिद्धार्थीची सुरुवात २०२५ च्या पाडव्याच्या थोडी आधीच पडली, आणि नंतरच्या ज्योतिषांनी सुचवलेला बीजसंस्कार, म्हणजे त्या संख्येतली छोटी दुरुस्ती, लावून केले तेव्हा ती एप्रिलच्या उत्तरार्धात गेली. म्हणून ३० मार्चला एका पंचांगात सिद्धार्थी लागलेला होता आणि दुसऱ्यात अजून कालयुक्त चालू होता. लग्न मे महिन्यात असल्याने त्या दिवशी दोन्हींतून सिद्धार्थीच निघत होता. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात लग्न असते तर मात्र व्याह्यांनाही आपल्या गावच्या पंचांगकर्त्यांना विचारावे लागले असते, कारण तेव्हा दोन पंचांगांत दोन नावे चालू होती; शिवाय तिथे वर्षारंभीचे नाव वर्षभर संकल्पात चालवण्याची पद्धतही आहे.

इंदूर नर्मदेच्या उत्तरेला आहे, बडोदेही आहे आणि ग्वाल्हेर तर आहेच. या तिन्ही ठिकाणच्या मराठी घरांत हा प्रश्न खरा आहे, कारण पंचांग पुण्या-मुंबईकडून येते आणि गुरुजी गावातले असतात. माझे स्वतःचे मत असे की येथे कोणाचे खरे हा वाद घालू नये, पण आकडा आणि नाव यांची जोडी मात्र कधीही तोडू नये. शालिवाहन शकाबरोबर दक्षिणेतले नाव आणि चैत्रादी विक्रम संवताबरोबर उत्तरेतले नाव. आमच्या पत्रिकेत शेवटी दोन्ही ओळी एकाखाली एक छापल्या: ‘शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सर’ आणि ‘विक्रम संवत् २०८२ सिद्धार्थीनाम संवत्सर’. मधल्या एका मजकुरात छापखान्याने जागा वाचवण्यासाठी ‘शके १९४७, सिद्धार्थीनाम संवत्सर’ असे केले होते. खरी चूक तीच होती, कारण ही जोडी कोणत्याही रीतीत बसत नाही. संकल्पातही हेच पाळावे. ‘शालिवाहन शके’ असे म्हणून झाले की पुढे विश्वावसुच यावा, मग संकल्प करणारा नर्मदेच्या कोणत्या तीरावर बसला आहे हे पाहू नये.

तमिळनाडूत नाव आपलेच असते, फक्त ते मेषसंक्रांतीला, साधारणपणे १४ एप्रिलला लागते. पाडवा आणि १४ एप्रिल यांच्यामध्ये चेन्नईच्या शेजाऱ्यांचे नाव आपल्यापेक्षा एक मागे दिसले तर त्यात दोष शोधू नये.

अंतर एक नाही आणि तेरा-चौदाही नाही, असे झाले तर गणित बाजूला ठेवून अक्षरे पुन्हा वाचावीत. यादीत दिसायला सारख्या नावांच्या काही जोड्या आहेत आणि मोडीतून किंवा पुसट छापील पानावरून वाचताना त्या हमखास फसवतात. क्रोधी अडतिसावे आणि क्रोधन एकोणसाठावे, म्हणजे अंतर २१ चे. विरोधी तेविसावे आणि विरोधकृत् पंचेचाळिसावे, अंतर २२ चे. प्रमाथी तेरावे आणि प्रमादी सत्तेचाळिसावे, अंतर ३४ चे. सूत्राचे उत्तर आणि कागदावरचे नाव यांत यांपैकी एखादे अंतर दिसले की ‘थ’ आणि ‘द’ यांच्याकडे पुन्हा पाहावे. शुभकृत् आणि शोभन यांची गोष्ट अधिक बिकट आहे. शोभनालाच काही पंचांगे शोभकृत् म्हणतात आणि ही दोन नावे शेजारी-शेजारी, छत्तीस आणि सदतीस क्रमांकांवर आहेत. त्यामुळे येथे वाचनाची चूकही एकाच्याच अंतराची दिसते आणि माणूस उगाच शकाचा आकडा तपासत बसतो. हेमलंबीचे हेविळंबी, नलाचे अनल, क्षयाचे अक्षय असे पाठभेद मात्र निरुपद्रवी आहेत, क्रमांक तोच राहतो.

जुन्या कागदांविषयी एक सावधगिरी सांगायला हवी. आपण लिहितो तो शक गत शक असतो, म्हणजे तितकी वर्षे पूर्ण झालेली असतात. काही शिलालेखांत मात्र वर्तमान शक दिलेला असतो आणि तो आकडा एकाने मोठा असतो. तिथे सूत्राचे उत्तर लेखातल्या नावापेक्षा एक पुढे येते. लेखात तिथीबरोबर वार दिलेला असेल तर दोन्ही शक धरून वार काढून पाहावा आणि ज्याने वार जुळेल तो शक घ्यावा. आणि लेख दहाव्या शतकाच्या आधीचा असेल तर १२ मिळवण्याचे हे सूत्र दक्षिणेतल्या लेखालाही लावू नये, कारण तेव्हा आपल्याकडेही नावे गुरूच्या मागेच चालत होती.